खेळ झाला, आता फळ्याकडे या

*मी नववीला भूगोल शिकवते. सोलापूर जिल्ह्यातलं गाव, वर्गात ४० मुलं. भूजलासाठी विहिरीचा खेळ घेतला. पाच-पाच घरांचे आठ गट, प्रत्येक गटाची एक विहीर, तिच्यात ५० मापं पाणी. दरवर्षी प्रत्येक घरानं गुपचूप ठरवायचं, ज्वारी की ऊस. ज्वारीला १ माप पाणी लागतं, २ रुपये मिळतात. उसाला ३ मापं, मिळतात ५ रुपये. पावसाळ्यात ५ मापं परत. पाणी कमी पडलं तर आधी हात वर करेल त्याला. विहीर आटली की खेळ संपला. सगळ्यात जास्त कमावणाऱ्याला पेन. मुलं इतकी रंगली की ८० मिनिटांतली ७५ खेळातच गेली. शेवटी ‘काय शिकलात?’ विचारलं तर एका सुरात ‘पाणी वाचवलं पाहिजे’. चाचणीतही तेच वाक्य. मुख्याध्यापक म्हणाले, हे तर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पेन मिळालेल्या मुलाला वर्ग अजून ‘पाणीचोर’ म्हणतो. त्याच्या घरी खरंच ऊस आहे. पुढच्या महिन्यात अभिरूप ग्रामसभा ठरवली आहे. घेऊ की नको? पेन मिळालेल्या मुलाच्या गटाची वही सोबत पाठवते आहे.*

*— एक शिक्षिका*

नमस्कार बाई,

ग्रामसभा घ्या. पण त्याआधी एक तास या वहीसाठी काढा. तुमच्या खेळातलं शिकण्यासारखं जे होतं ते अजून तिच्यातच पडून आहे, आणि ते ‘पाणी वाचवलं पाहिजे’ हे मुळीच नाही.

वही मी हिशेब मांडून वाचली. पहिल्या वर्षी फक्त घर ३ नं ऊस लावला, बाकी चौघांनी ज्वारी. ७ मापं गेली, ५ आली, विहिरीत ४८. दुसऱ्या वर्षी घर १ उसावर आलं, विहीर ४४ वर. तिसऱ्या वर्षी घर २ आणि ४ पण वळले, ३६. चौथ्या वर्षी तसंच, २८. पाचव्या वर्षी घर ५ नंही ज्वारी सोडली, १८. सहाव्या वर्षी पाचही घरांचा ऊस, ८. सातव्या वर्षी पाचही जणांना ऊस हवा होता, म्हणजे १५ मापं, आणि विहिरीत होती ८. घर ३ आणि १ चे हात आधी वर गेले, दोघांनी ६ नेली. उरलेल्या दोन मापांवर घर २ आणि ४ नं ज्वारी काढली. घर ५ च्या वाट्याला थेंब नाही. घर १ ते ५ अशी कमाई पाहिली तर ३२, २६, ३५, २६ आणि १८ रुपये.

आता घर ५ कडे बघा. चार वर्षं ज्वारीला चिकटून राहिलेलं हे एकमेव घर. पाणी वाचवलं ते यानंच, आणि सगळ्यात कमी मिळालं तेही यालाच. म्हणजे मुलांनी शेवटी जे घोषवाक्य म्हटलं, ते त्यांच्याच वहीनं खोटं पाडलं होतं. एकट्यानं वाचवलेलं पाणी शेजाऱ्याच्या उसाला जातं, ही खरी अडचण त्यांनी सात वर्षं अनुभवली आणि उत्तर मात्र भिंतीवर रंगवलेलं दिलं. यात मुलांचा दोष नाही. ‘काय शिकलात?’ हा प्रश्न पहिलाच आला की मूल खेळात मागे वळून पाहत नाही. बाईंना काय ऐकायचं असेल ते शोधतं, आणि ते त्याला खेळण्याआधीही ठाऊक असतं. मुख्याध्यापकांचं म्हणणं त्या पाच मिनिटांपुरतं बरोबर आहे. ते वाक्य मिळवायला खेळ लागत नाही.

मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम केलेले खेळ-रचनाकार सिवसैलम थियागराजन खेळानंतरच्या चर्चेसाठी सहा प्रश्नांचा क्रम सांगतात. कसं वाटलं, काय घडलं, काय शिकलात, खऱ्या जगात हे कुठे दिसतं, अमुक बदललं असतं तर, आणि आता पुढे काय. ‘काय शिकलात’ तिसरा आहे. त्याच्याआधीचे दोन प्रश्न नीट झाले तर तिसरा वेगळा विचारावाही लागत नाही, मुलं स्वतःच बोलून जातात. तुमच्या वर्गात ते कसं चालेल, ते या वहीवरच दाखवतो.

आधी मुलांना भूमिकेतून बाहेर काढा. घरांचे क्रमांक लिहिलेली कार्डं किंवा बिल्ले गोळा करा, बाकं सरळ करा, शक्यतो मुलांना वेगळ्या जागी बसवा. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते वगळलं की चर्चेच्या नावाखाली खेळच पुढे चालू राहतो. मग ‘कसं वाटलं?’ याला पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. सातव्या वर्षी रिकाम्या हातानं बसलेलं घर ५ चिडलेलं असणार. ती चीड आधी बोलून टाकली नाही, तर नंतर प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात तीच येते. इथे तुम्ही न्याय करायचा नाही. ‘राग आला, बरं. अजून कोणाला? कितव्या वर्षी?’ एवढंच. ‘कितव्या वर्षी’ हा शब्द महत्त्वाचा, कारण तोच भावनेकडून घटनेकडे नेतो.

मग फळा. आडव्या रेघेवर वर्षं, उभ्या रेघेवर विहिरीतलं पाणी, आणि मुलांनीच बिंदू मांडायचे: ५०, ४८, ४४, ३६, २८, १८, ८, ०. प्रत्येक बिंदूखाली त्या वर्षी किती ऊस होता तो आकडा. आठही गटांच्या रेषा वेगवेगळ्या खडूंनी काढता आल्या तर फारच छान. नाही तर दोन पुरे, सगळ्यात लवकर आटलेली आणि सगळ्यात जास्त टिकलेली. या टप्प्यावर ‘का’ विचारू नका. फक्त काय झालं ते. या वहीत रेषा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्ये वाकते, उसाची घरं दोनाची चार होतात. एखादं मूल ते बोट दाखवून सांगेल तोवर गप्प बसायचं. वर्गातली शांतता शिक्षकाला फार लांब वाटते, मुलांना तेवढी वाटत नाही.

वाकलेली जागा सापडली की मगच ‘का’. आणि सगळ्यांना नाही, आधी घर २ आणि ४ ला. ऊस पहिल्यांदा लावणाऱ्यापेक्षा बघून लावणाऱ्यांच्या मनात काय आलं ते जास्त कामाचं असतं. बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनमध्ये डॉक्टर-नर्सना बनावट रुग्णावर प्रशिक्षण दिल्यावर चर्चा कशी घ्यायची, यावर जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक पद्धत मांडली. शिक्षकानं काय दिसलं ते सांगायचं, त्यावरून आपल्याला काय वाटलं तेही उघड सांगायचं, आणि मग समोरच्याला त्या वेळी काय दिसत होतं ते खरोखर विचारायचं. मराठीत असं: ‘मी पाहिलं की तिसऱ्या वर्षी घर २ ज्वारीवरून उसावर गेलं. विहिरीत ४४ मापं होती, म्हणून मला वाटलं तुम्हाला पाण्याची काळजी वाटली नसावी. त्या वेळी तुमच्या डोक्यात काय होतं?’ याच्याऐवजी ‘तुम्ही ऊस का लावला?’ असं विचारून बघा. मूल मान खाली घालतं. तो प्रश्न नसून आरोप आहे, हे त्याला लगेच कळतं.

उत्तर बहुतेक असं येईल: ‘घर १ आणि ३ ला ५ मिळत होते, मला २. पाणी तर तेच संपवणार होते.’ हे वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहा. त्याखाली घर ५ ला विचारा की चार वर्षं थांबून पाचव्या वर्षी का सोडलं. तो बहुधा म्हणेल, ‘मी एकटाच थांबून काय उपयोग.’ तेही लिहा. आता वर्गाला एकच प्रश्न: यात मूर्ख कोण होतं? कोणीच नव्हतं. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता बरोबर आणि पाचांचा मिळून विहीर कोरडी. इथवर वर्ग आला की तुमच्या खेळाचं चीज झालं. हे फळ्यावर दोन मिनिटांत सांगता येतं, मुख्याध्यापकांना ते कबूल करा. पण मग ते मुलांना ‘लोक स्वार्थी असतात’ असं ऐकू येतं. स्वतः तिसऱ्या वर्षी ऊस लावलेल्या मुलाला तसं म्हणता येत नाही.

आता थोडं अवघड. वर्गातलं एखादं हुशार मूल हिशेब घालेल आणि म्हणेल, ‘बाई, पाचही जणांनी सातही वर्षं ज्वारीच लावली असती तर प्रत्येकाला १४ रुपये मिळाले असते. इथे सगळ्यात कमी मिळालेल्यालाही १८ आहेत. मग उपसलं तेच बरं ना?’ आकडे बरोबर आहेत. शिवाय तो पुढे म्हणू शकतो की विहीर आटली तरी दरवर्षी पावसाची ५ मापं येणारच, त्यावर पाच घरांची ज्वारी होणारच. म्हणजे आधी ऊस खा, मग ज्वारी. तुमच्या नियमांप्रमाणे हेच सगळ्यात फायद्याचं धोरण आहे. ‘विहीर आटली की खेळ संपला’ या नियमानं ते झाकलं गेलं एवढंच, आणि पेन देऊन तुम्ही त्याच्यावर शिक्का मारला.

अशा वेळी त्या मुलाला गप्प करून घोषवाक्याकडे वळलात तर चर्चा तिथेच मेली. उलट त्याला खडू द्या. प्रत्येक खेळ खऱ्या जगातलं काहीतरी गाळतो, आणि काय गाळलं ते शोधणं हाच चौथ्या प्रश्नाचा गाभा. तुमच्या मुलांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. पाणी खाली गेलं की काय होतं? मोटर जास्त वेळ चालते, बोअर आणखी खोल न्यावी लागते, ज्याच्याकडे पैसा नाही त्याची विहीर आधी उघडी पडते. प्यायचं पाणी कुठून येतं? टँकर. यातलं काहीही खेळात नव्हतं. आणखी एक: खेळात पाचांची मिळून एकच टाकी होती. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत राहतं, त्यामुळे एकाची विहीर आटली तरी बांधापलीकडच्याची भरलेली असू शकते. ‘आमच्या विहिरीला तर पाणी आहे’ हे वाक्य मुलांनी घरी ऐकलेलं असतं. ते खोटं नाही आणि पुरतं खरंही नाही, यावर दहा मिनिटं सहज जातात. खेळानं जे खरं पकडलंय तेही तपासा. उसाला हंगामात साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला ४५० ते ६५०, म्हणजे तिप्पट-चौपट. एकाला तीन हे माप तुम्ही योग्यच घेतलंत.

मग पाचवा प्रश्न, ‘अमुक बदललं असतं तर’. इथे मुलांनाच नियम दुरुस्त करू द्या. मी सुचवतो तो एक बदल असा. वर्षाच्या सुरुवातीला विहीर २० मापांच्या खाली असेल तर प्रत्येक मापाला उपशाचा १ रुपया खर्च; १० च्या खाली असेल तर प्रत्येक घराला टँकरचा आणखी १ रुपया. आणि विहीर आटली तरी खेळ चालूच. आता तीच वही, तेच निर्णय पुन्हा मोजा. सहाव्या वर्षी विहीर १८ वर आहे, म्हणून उसाचे ५ मधून ३ जाऊन २ हातात. सातव्या वर्षी विहीर ८ वर. घर ३ च्या उसाचे ५, त्यातून उपशाचे ३ आणि टँकरचा १, उरला १. त्याची एकूण कमाई ३५ वरून २८ वर येते. घर ५ ची १८ वरून १४ वर, म्हणजे सात वर्षं नुसती ज्वारी लावणाऱ्या गावातल्या कोणत्याही घराएवढी. आणि आठव्या वर्षापासून या गावात काय होतं? ५ मापं येतात, पाच घरं ज्वारी लावतात, २ रुपये मिळतात, १ उपशाला आणि १ टँकरला. वर्षभर राबून शून्य. तिकडे ज्वारीचं गाव दरवर्षी २ कमावतंय; चौदाव्या वर्षी त्यातलं प्रत्येक घर २८ वर पोचतं आणि पंधराव्याला घर ३ च्याही पुढे जातं.

ही आकडेमोड तुम्ही फळ्यावर करून दाखवू नका, मुलांकडून करून घ्या. आणि ‘बघा, शेवटी ज्वारीच जिंकली’ असा समारोप तर मुळीच नको. चौदा वर्षं थांबणं कोणाला परवडतं, हा प्रश्न उरतोच, आणि ज्याच्या डोक्यावर यंदाचं कर्ज आहे त्याच्यासाठी त्याचं उत्तर सोपं नाही.

हीच जागा तुमच्या ‘पाणीचोरा’ची. त्याला वर्गासमोर उभं करून ‘असं म्हणू नका रे’ असं सांगितलंत तर नाव आणखी पक्कं होईल. चर्चेत तुम्ही स्वतः कधीच मुलाचं नाव घेऊ नका. ‘घर ३ नं’ असंच म्हणा, आणि मुलांनाही तसंच बोलायला लावा. पुढच्या तासाला घर ३ चं कार्ड दुसऱ्या कोणाला द्या, जमलं तर जो सगळ्यात जोरात ‘पाणीचोर’ म्हणतो त्यालाच. त्याच परिस्थितीत तोही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उसावर गेला की वर्गाला कळेल की चूक माणसात नसून मांडणीत होती. आणि उसाच्या बाजूचं खरं कारण कोणीतरी सांगायला हवं: कारखाना ऊस नेतो, केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर असतो, ज्वारीला बाजारात काय मिळेल याचा भरवसा नाही. हे त्या मुलालाच विचारा, पण जाणकार म्हणून: ‘तुमच्याकडे ऊस का परवडतो ते वर्गाला सांगशील?’ आधी एकटं गाठून, त्याला चालणार असेल तरच. नाही म्हणाला तर तुम्ही सांगा. ज्या मुलाच्या घरचा धंदा खेळात खलनायक ठरतो, त्याच्यासाठी तो खेळ वर्गात संपत नाही, घरापर्यंत जातो. भूमिका वाटायच्या आधी हे पाहून ठेवावं लागतं.

पेनाबद्दल. बक्षीस सगळ्यात जास्त कमाईला दिलं की खेळ उपशाची स्पर्धा होतो, मग नंतर कितीही बोला. माझं मत विचाराल तर बक्षीसच नको. द्यायचंच असेल तर एकट्या घराला न देता गटाला द्या, आणि वीस वर्षांच्या शेवटी विहिरीत काय उरलं आणि पाचांची मिळून कमाई किती, दोन्ही पाहून. खेळ किती वर्षांचा ते मात्र मुलांना सांगू नका. शेवटचं वर्ष कळलं की त्या वर्षी सगळे ऊस लावतात, कारण उद्या नसतोच.

तुमच्या खेळाचं मोठं भावंड आंध्र प्रदेशात आहे. इंटरनॅशनल फूड पॉलिसी रिसर्च इन्स्टिट्यूट आणि फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थांनी तिथल्या गावांत शेतकऱ्यांसोबत पीक निवडीचा आणि भूजलाचा असाच खेळ घेतला, आणि प्रत्येक वेळी खेळानंतर गाव जमवून चर्चा केली. वर्षभरानं थोडा बदललेला खेळ त्याच गावांत पुन्हा. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळताना आपसांत बोलायची मुभा दिलेल्या गटांना पाणी टिकवणं दुसऱ्या वर्षी जास्त जमलं, पहिल्या वर्षी नाही. खेळातल्या कामगिरीप्रमाणे रोख पैसे दिले म्हणून पिकाच्या निवडीत फरक पडला नाही. आणि फाउंडेशनच्याच कार्यक्रमातल्या इतर गावांपेक्षा खेळलेल्या गावांपैकी जास्त गावांनी पाण्याची नोंदवही आणि वापराचे नियम स्वीकारले. नुसत्या खेळानं भूजल वर येत नाही, हेही त्या अभ्यासकांनी स्पष्ट लिहिलंय. मला यात सगळ्यात उपयोगी वाटतं ते ‘दुसऱ्या वर्षी’. एकदा खेळून, बोलून, परत खेळलं की बोलण्याचा उपयोग होतो. म्हणून चर्चेनंतर वर्गाला आणखी तीन-चार फेऱ्या द्या, या वेळी प्रत्येक फेरीआधी गटाला एक मिनिट आपसांत बोलू द्या. वचनं दिली जातील, एखादं मोडलं जाईल. मोडल्यावर काय करायचं, दंड की बहिष्कार की काहीच नाही, हा प्रश्न तिथे आपोआप येतो. गावात पाण्याचे नियम मोडतात तेव्हाही नेमका हाच प्रश्न असतो.

वेळेचं गणित मी असं मांडेन: जोडतासातली १० मिनिटं नियमांना, ३० खेळाला, ४० चर्चेला. खेळ अर्धवट राहिला तरी घड्याळ बघून थांबवा. मुलं ओरडतील, ओरडू द्या. चर्चा अर्धवट राहण्यापेक्षा ते परवडतं. जोडतास मिळत नसेल तर खेळ एका दिवशी आणि चर्चा दुसऱ्या दिवशी चालेल, पण घंटा होण्याआधी प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्या: ‘मी माझा निर्णय कोणत्या वर्षी बदलला आणि त्या क्षणी काय बघून?’ रात्रभरात आठवण गोड होते. दुसऱ्या दिवशी मुलाला ‘आम्ही हरलो पण मजा आली’ एवढंच आठवतं. चिठ्ठी मात्र खरं बोलते. आणि गटातल्या वहीचा कारकून खेळाडूंपैकी नको. आठ गटांतून एकेक मूल बाजूला काढून त्याला फक्त नोंदी ठेवायला लावलंत तर चार घरांचाही खेळ चालतो, मापं तेवढी कमी करा: विहिरीत ४० आणि पावसाची ४. शांत, लाजरी मुलं हे काम फार नेटकं करतात, आणि चर्चेत तीच सगळ्यात महत्त्वाची साक्षीदार ठरतात.

ग्रामसभेविषयी थोडकं. विहिरीच्या खेळात नियम बोलतात, ग्रामसभेत माणसं बोलतात. म्हणून तिथे वेगळा धोका असतो: चांगलं बोलणारी दोन मुलं सगळी सभा खातात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. भूमिकेच्या कार्डावर नाव आणि व्यवसाय एवढंच लिहू नका. त्या माणसाला काय हवंय, काय गमवायची भीती आहे आणि कोणती माहिती फक्त त्यालाच आहे, या तीन गोष्टी लिहा. विषय मोघम नको, एकच ठराव द्या, उदाहरणार्थ ‘पुढची तीन वर्षं गावात शेतीसाठी नवीन बोअर घ्यायची नाही’. हिवरे बाजारच्या ग्रामसभेनं शेतीच्या सिंचनासाठी बोअर आणि ऊस-केळीसारखी पिकं यांवर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची पद्धत लावली, हे सांगायचं असेल तर सभा झाल्यावर सांगा. आधी सांगितलं की मुलं ते उत्तर म्हणून पाठ करतात. सभेनंतर भूमिका उतरवून झाल्या की विचारा: तुमच्या पात्राला न पटलेला ठराव असूनही तुम्ही हात वर केला असं कोणाचं झालं? तो हात कोणाकडे बघून वर गेला? नववीच्या मुलांना याचं उत्तर देता येतं, आणि त्यातून ग्रामसभा कशी चालते ते त्यांना नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा जास्त कळतं.

चाचणीचा प्रश्नही बदला. घोषवाक्य लिहून सुटता येणार नाही असा हवा. मी असा घालेन: ‘एका विहिरीवर पाच घरं आहेत, विहिरीत ३० मापं पाणी आहे, आणि सलग तीन वर्षं पावसाची ५ ऐवजी ३ मापंच येणार आहेत. पाचही घरांनी ज्वारी लावली तर तीन वर्षांनी किती पाणी उरेल? दोन घरांनी ऊस लावला तर किती? तुम्ही गावासाठी कोणता एक नियम सुचवाल, त्याला सगळ्यात जास्त विरोध कोण करेल आणि त्याचं म्हणणं काय असेल?’ पहिल्याचं उत्तर २४, दुसऱ्याचं १२. ते सगळ्यांना यायलाच हवं. गुण खरे शेवटच्या भागाला ठेवा. विरोध करणाऱ्याचं म्हणणं ज्या मुलाला त्याच्या बाजूनं लिहिता आलं, त्याची उत्तरपत्रिका मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा.